कथाचर्चा : पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका आदल्या रात्री दिसलेली मुलगी काय करील?

वैदर्भी

नमस्कार मंडळी. आमच्या भागातील वाचनालयाच्या कुमार विभागासाठी मी एक कथा लिहीत आहे आणि तिच्या शेवटाशी येऊन तीन आठवडे अडकले आहे. कथा थोडक्यात सांगते.

मुक्ता दहावीत आहे. तिच्या वडिलांचे नागपूरच्या महाल भागात डीटीपी आणि झेरॉक्सचे छोटे दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत घर आहे. लग्नपत्रिकांचे शुद्धलेखन मुक्ताच तपासते. तिच्या शाळेच्या जानेवारीतील पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका याच दुकानात छापल्या जातात. भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री वडील प्रती काढत असतात आणि अर्ध्या कामात त्यांना कागदाचे रिम आणायला जावे लागते. यंत्रात कागद अडकून लाल दिवा लागतो. मुक्ता नेहमीच्या सवयीने झाकण उघडते आणि चुरगळलेला कागद ओढून काढते. तो तिच्याच पेपरचा दुसऱ्या पानाचा कागद असतो. प्रश्न चौथा आणि पाचवा त्यावर पूर्ण दिसतात. तेवढ्यात वडील परत येतात आणि विचारतात, "काहून गं, झोपली नाही का अजून?" ती काही न बोलता आत जाते.

येथून पुढे मी तीन शेवट लिहून पाहिले. पहिल्यात ती दुसऱ्या दिवशी सरांना सांगते, पण ते वाचताना पाठ्यपुस्तकातील बोधकथा वाचल्यासारखे वाटते. दुसऱ्यात ती सोडवते आणि नंतर तिला झोप लागत नाही. त्यात मीच तिला शिक्षा देत आहे असे वाटते. तिसऱ्यात ती कोणाला काही सांगत नाही, मात्र पाहिलेले प्रश्न उत्तरपत्रिकेत कोरे सोडते. मला हा तिसरा शेवट सर्वांत जवळचा वाटतो. वाचणारी मुले तेरा ते सोळा वयाची आहेत आणि त्यांना खोटे लगेच कळते. तेव्हा मुक्ता खरोखर काय करील, ते तुम्ही सांगावे.

रेशीमबाग

तिसरा शेवट उत्तम आहे. तो बदलू नये.

धंतोलीकर

कथेत एक गोष्ट नजरेआड होत आहे. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि प्रश्नपत्रिका फुटणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणजे मुलीसमोरचा प्रश्न केवळ मनाचा राहत नाही. वडिलांवर गुन्हा दाखल होऊ शकतो. ही भीती कथेत आली पाहिजे, नाहीतर कथा हवेत राहील.

खडूफळा

मी एकतीस वर्षे गणित शिकवले आणि त्यांपैकी बरीच वर्षे शाळेच्या परीक्षा विभागाचे काम पाहिले, म्हणून लिहितो.

धंतोलीकर, कायदा आहे हे खरे, पण तो विद्यापीठाच्या, मंडळाच्या आणि त्यात नमूद केलेल्या परीक्षांसाठी आहे. शाळेची पूर्वपरीक्षा ही शाळेची घरची परीक्षा असते. तिचे गुण मंडळाच्या निकालात धरले जात नाहीत. तेथे काही घडले तर मुख्याध्यापक आणि परीक्षा विभाग बसून ठरवतात. मुक्ताच्या वडिलांना पोलिसांची नव्हे, तर शाळेचे काम जाण्याची भीती असेल, आणि महालातल्या छोट्या दुकानाला ती पुरेशी आहे.

आता वैदर्भीताई, तुमच्या तिसऱ्या शेवटाविषयी. दहावी भूमितीचा पेपर चाळीस गुणांचा आणि दोन तासांचा असतो. चौथ्या प्रश्नात तीन उदाहरणे देऊन कोणतीही दोन सोडवायला सांगतात, प्रत्येकी चार गुण. पाचव्यात दोनांपैकी एक, तीन गुण. म्हणजे मुक्ताने ते पान पाहिले असेल, तर ती अकरा गुणांचा भाग कोरा ठेवणार. हुशार मुलीच्या उत्तरपत्रिकेत शेवटचे अकरा गुण कोरे दिसले, तर तपासणारा काय समजेल? तिला वेळ पुरला नाही, किंवा तिची प्रकृती बरी नव्हती. तो तिला बोलावून वेळेचे नियोजन शिकवील. तिने केलेला त्याग कोणालाच कळणार नाही, हे एक वेळ चालेल; पण जे घडले ते कोणालाच कळणार नाही, आणि पुढच्या वर्षीही तेच दुकान, तेच यंत्र आणि तीच अर्धवट झाकलेली रात्र राहील.

इतवारी_मुद्रक

माझा व्यवसाय हाच आहे, त्यामुळे ही कथा वाचून मला थांबता आले नाही.

शाळेचे काम कसे होते ते सांगतो. सर हाताने लिहिलेला पेपर आणतात. आम्ही तो टाइप करतो, प्रूफ देतो, सर लाल शाईने दुरुस्त्या करतात आणि मग मास्टर प्रत निघते. प्रती मोजून द्याव्या लागतात. यंत्रात फाटलेल्या, काळ्या पडलेल्या, तिरक्या आलेल्या प्रतीसुद्धा मोजून सरांच्याच पिशवीत घालायच्या असतात. आमच्या लहानपणी सायक्लोस्टाइल होते. तेव्हा वापरलेले स्टेन्सिल कचऱ्यात टाकले, तर कोणीही ते उजेडासमोर धरून अक्षरन् अक्षर वाचू शकत असे. शाईने बरबटलेल्या त्या पातळ कागदावर सुईने कोरल्यासारखी अक्षरे पांढरी चमकत. म्हणून माझे वडील स्टेन्सिल सरांसमोर जाळत असत.

माझा मुलगा दहावीत गेला, त्या वर्षी मी त्या शाळेचे काम घेतले नाही. सरांना तसे कारणही सांगितले. त्यांनी ते वर्षभर दुसरीकडे दिले आणि पुढच्या वर्षी परत माझ्याकडे आणले. तेव्हा माझे म्हणणे असे आहे की, चूक मुक्ताच्या वडिलांची आहे आणि निर्णयही त्यांनीच घ्यायला हवा. मुलीच्या डोक्यावर हे ओझे कशाला?

वैदर्भी

इतवारी_मुद्रक, स्टेन्सिल जाळण्याचा प्रसंग मी कथेत आजोबांच्या आठवणीत घेऊ का? आपली हरकत नसेल तरच.

खडूफळा सर, कोऱ्या उत्तराविषयी आपण लिहिलेले वाचून माझा आवडता शेवट कोसळला. मला तो आवडत होता याचे कारण कदाचित हेच असेल, की त्यात मुक्ताला कोणाशीही बोलावे लागत नाही.

इतवारी_मुद्रक

अवश्य घ्या. वडिलांना आनंद झाला असता.

गोंदियाची_आई

माझ्या मुलीच्या बाबतीतही गेल्या वर्षी असेच झाले, म्हणून विचारते. मंडळाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्या मैत्रिणींच्या गटात विज्ञानाच्या पेपरचे म्हणून एक छायाचित्र आले. मुलगी रडकुंडीला आली, कारण पाहिले तरी पाप आणि न पाहिले तरी मागे पडण्याची भीती. आम्ही ते पाहिले नाही. सकाळी कळले की तो जुन्याच कुठल्यातरी सराव पेपरचा भाग होता. पण तुमच्या मुक्ताने पोलिसांना कळवले का? तिला शाळेने परीक्षेला बसू दिले का?

खडूफळा

ताई, मुक्ता ही वैदर्भीताईंच्या कथेतील मुलगी आहे, ती घटना घडलेली नाही. पण तुमच्या मुलीचा प्रसंग खरा आहे आणि तुम्ही जे केले ते योग्य केले. मंडळाच्या पेपरची पाकिटे परिरक्षकाच्या ताब्यात मोहोरबंद असतात आणि परीक्षेच्या दिवशी तेथून केंद्रावर येतात. वर्गातच दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन पंचवीस प्रश्नपत्रिकांचे पाकीट उघडले जाते. म्हणून आदल्या रात्री फिरणारी छायाचित्रे बहुतेक वेळा बनावट असतात. बहुतेक वेळा म्हणतो, कारण ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या पेपरची काही पाने बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा भागातून बाहेर आली होती, आणि तो प्रकार परीक्षेच्या दिवशीचा होता. शाळेच्या पूर्वपरीक्षेत मात्र मोहोर, परिरक्षक असे काही नसते. तेथे असते ती सरांची पिशवी आणि दुकानदाराचा शब्द. म्हणूनच वैदर्भीताईंनी पूर्वपरीक्षा निवडली ते चांगले केले.

सावजी_नाही_सात्त्विक

मला सर्वांपेक्षा वेगळे वाटते. मुक्ताने चोरी केलेली नाही. यंत्रात अडकलेला कागद काढणे हे तिच्या घरातले काम आहे. पूर्वपरीक्षेचे गुण कोठेच जात नाहीत, म्हणजे ती कोणाची जागा हिरावून घेत नाही. ती सोडवील, गुण मिळतील, मार्चमध्ये खरी परीक्षा देईल. त्यात अपराध कोणाचा? आपण मोठी माणसे मुलांच्या मनात उगाच अपराधभाव भरतो. तिने निश्चिंतपणे पेपर द्यावा असा शेवट लिहा. तोही प्रामाणिकच असेल.

रेशीमबाग

गुण कोठे जात नाहीत हे पटत नाही. पूर्वपरीक्षेच्या गुणांवरूनच शाळेत जादा तासांचे गट पाडतात, आणि घरी बोलणी खावी लागतात ती त्याच गुणांवरून.

खडूफळा

सात्त्विक यांचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला, कारण तो चुकीचा म्हणून बाजूला सारता येत नाही. पूर्वपरीक्षेत मुक्ता कोणाचे नुकसान करते, हा प्रश्न योग्य आहे. मला त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत सापडले.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पूर्वपरीक्षेच्या चौथ्या प्रश्नात एक उदाहरण घातले होते. त्रिकोण PQR मध्ये रेख PS हा QR वर लंब, QS = ४, SR = ९, PS = ६, तर कोन QPR काटकोन आहे हे सिद्ध करा. सोपे आणि सुरेख उदाहरण आहे. लंबामुळे दोन काटकोन त्रिकोण मिळतात. PQ² = १६ + ३६ = ५२ आणि PR² = ३६ + ८१ = ११७. बेरीज १६९. QR म्हणजे ४ + ९ = १३, आणि १३ चा वर्गही १६९. पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासाने काम झाले.

माझ्या हस्ताक्षरातील ६ डीटीपी करणाऱ्याला ९ वाटला. देवनागरीत हे दोन अंक एकमेकांची आरशातली प्रतिमाच आहेत, आणि शेजारीच SR = ९ असल्यामुळे प्रूफ पाहताना माझीही नजर त्यावरून घसरली. पेपरमध्ये PS = ९ छापले गेले. आता करून पाहा. PQ² = १६ + ८१ = ९७, PR² = ८१ + ८१ = १६२, बेरीज २५९. QR² मात्र १६९ च. जे सिद्ध करायला सांगितले आहे ते खरेच नाही.

तीनपैकी दोन सोडवायची होती, त्यामुळे चलाख मुलांनी चार ओळी लिहून ते उदाहरण खोडले आणि पुढचे घेतले. पण एका मुलीने ते तीनदा सोडवले होते. तीनदा २५९ आले, तीनदा तिने ते पूर्ण उत्तर आडव्या रेघेने खोडले, आणि शेवटी समासात बारीक अक्षरात लिहिले होते, "माझे कोठेतरी चुकत आहे." तिचा पाचवा प्रश्न कोरा होता. मी ते उदाहरण सोडवण्याचा प्रयत्न केलेल्या सर्वांना चार गुण दिले. तिचा गेलेला अर्धा तास मला देता आला नाही. चूक झाली की सर्वसाधारण मुलाला पेपर चुकला असे वाटत नाही, आपण चुकलो असे वाटते.

आता वैदर्भीताई, समजा मुक्ताने ओढून काढलेल्या त्या कागदावर हीच चूक आहे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या डोक्यात ते उदाहरण आपोआप सुटू लागते आणि तिला २५९ मिळतात. आता तिने पेपर पाहिला एवढेच राहिले नाही. पेपर चुकीचा आहे हे वर्गात तिला एकटीलाच ठाऊक आहे.

वैदर्भी

सर, मी हे वाचून बराच वेळ काही लिहू शकले नाही. वही घेऊन दोन्ही आकडे करून पाहिले. लग्नपत्रिकांतील चुका शोधणारी मुलगी मीच लिहिली होती, आणि तिला प्रश्नपत्रिकेतील चूक दिसेल हे मला सुचले नव्हते.

आता तिची अडचण खरी झाली. गप्प राहिली तर तिला अपाय नाही, ती ते उदाहरण सोडून उरलेली दोन सोडवील. पण तिच्या मागच्या बाकावर बसणारी मैत्रीण ते तीनदा सोडवील. सांगितले तर "तुला कसे कळले?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

सावजी_नाही_सात्त्विक

हे मान्य. येथे माझा मुद्दा टिकत नाही. पण मग तिने सरांच्या टेबलावर निनावी चिठ्ठी ठेवावी. चूक दुरुस्त होईल, वर्ग वाचेल आणि वडिलांचे कामही वाचेल. सगळे साधते.

खडूफळा

चिठ्ठी मिळाली असती तर मी काय केले असते ते सांगतो. आधी चूक दुरुस्त केली असती. प्रत्येक वर्गात पर्यवेक्षकाकडून शुद्धिपत्र वाचून दाखवायला दहा मिनिटे पुरतात. त्यानंतर मी विचार केला असता की, पेपर पाहिला कोणी? माझ्या पिशवीला हात लागतो तो शाळेच्या शिपायाचा. तोच दुकानातून गठ्ठे आणतो आणि कपाटाची किल्ली आणून देतो. पहिला संशय त्याच्यावर गेला असता. मी चांगला माणूस असूनही गेला असता. निनावी चिठ्ठी मुक्ताला वाचवते, पण संशयाची जागा रिकामी राहत नाही, आणि शाळेत ती जागा नेहमी सर्वांत कमी पगाराच्या माणसाची असते.

धंतोलीकर

कायद्याविषयी मी घाई केली, हे मान्य करतो. पण या शिपायाच्या मुद्द्यावर मला लिहावेसे वाटते, कारण माझे वडील एका शाळेत शिपाई होते. त्यांच्यावर एकदा असाच संशय आला होता. पुढे तो खोटा ठरला, पण कोणी "आमची चूक झाली" असे म्हटले नाही. वैदर्भीताई, शिपायाला कथेत नाव द्या आणि मुक्ता त्यांना काका म्हणते असे दाखवा.

इतवारी_मुद्रक

मी अजूनही म्हणतो की तिने आधी वडिलांना सांगावे. रात्रीच. ते दुकानात आहेत, यंत्र चालू आहे, मास्टर प्रत हातात आहे. सरांना फोन करून "सर, चौथ्यात ६ आहे की ९?" एवढेच विचारायचे. प्रूफमधली शंका विचारणे हे मुद्रकाचे कामच आहे. त्यात मुलीचे नाव येत नाही आणि कोणी खोटेही बोलत नाही.

रेशीमबाग

पण डीटीपी करणाऱ्याला ते उदाहरण सोडवता येते, हे सरांना पटेल का?

इतवारी_मुद्रक

मला येत नाही, हे खरे. सर लगेच विचारतील की तुमच्या लक्षात कसे आले. मग मला एकतर खोटे बोलावे लागेल किंवा मुलीचे नाव सांगावे लागेल. आणि मी कोणत्याही मुलाच्या देखत तसे खोटे बोललो नसतो. माझ्या उपायात हे छिद्र आहे.

गोंदियाची_आई

आता मला कथा समजली. मी आई म्हणून लिहिते. मुलगी वडिलांना सांगायला घाबरेल ती मार बसेल म्हणून नव्हे, तर वडिलांचा चेहरा उतरेल म्हणून. माझी मुलगी तशीच आहे. कागद आणायला दुकान उघडे टाकून गेलो ही चूक बाबांची आहे, हे तिच्या तोंडून बाबांना कळणे तिला सर्वांत कठीण जाईल. तो प्रसंग लिहाच.

वैदर्भी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी शेवट नव्याने लिहिला. त्यातील एक भाग येथे देते, चुका असतील तर निःसंकोच सांगाव्यात.

*"पहाटे साडेपाचला मुक्ता उठली तेव्हा बाबा दुकानाच्या पायरीवर शेकोटीपाशी बसले होते. चारशे प्रतींचे गठ्ठे सुतळीने बांधून ओळीने ठेवलेले होते. तिने वही त्यांच्यापुढे धरली. वहीत एकच त्रिकोण होता आणि त्याच्याखाली दोन बेरजा. बाबांना भूमिती येत नव्हती, पण २५९ आणि १६९ हे दोन आकडे सारखे नाहीत एवढे त्यांना दिसत होते. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी यंत्राकडे पाहिले, आणि मग तिच्याकडे. 'केव्हा पाह्यलं?' त्यांनी विचारले. 'तुम्ही रिम आणायला गेले होते तेव्हा.' बाबांनी मफलर डोक्याला गुंडाळला आणि स्कूटरची किल्ली घेतली. 'चल,' ते म्हणाले, 'सर सात वाजता येतात.'"*

यानंतर शाळेतला प्रसंग आहे. सर, कथेतल्या शिक्षकाने वही पाहिल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारावा? मी "तुला कसे कळले?" असा लिहिला आहे. आणि शाळेने वडिलांचे काम पुढे चालू ठेवले की नाही, हे मी ठरवलेले नाही. ते ठरवावे असे वाटतही नाही.

सावजी_नाही_सात्त्विक

काम गेले असे दाखवा. नाहीतर खरे बोलले की सगळे सुरळीत होते, असे मुलांना वाटेल.

इतवारी_मुद्रक

मला पुढच्या वर्षी ते परत मिळाले होते. पण मी आधी सांगितले होते, नंतर नाही. तो फरक मोठा आहे.

खडूफळा

प्रसंग चांगला उतरला आहे. एक बारीक दुरुस्ती : दहावीच्या एका शाळेसाठी चारशे प्रती जास्त वाटतात. चार तुकड्या आणि थोड्या जादा प्रती धरून अडीचशे लिहा.

पहिल्या प्रश्नाविषयी. परीक्षा विभागातील माणूस "कसे कळले?" हे नंतर विचारतो. वडील सोबत उभे आहेत, म्हणजे ते त्याला अर्धे कळलेलेच आहे. त्याच्याजवळ तास-दीड तास आहे आणि किती पेपर बदलायचा हे ठरवायचे आहे. शहाण्या शाळेत दुसरा संच कपाटात तयार असतो, पण त्याच्या प्रती काढायला वेळ लागतो. मी असतो तर चौथ्या आणि पाचव्या प्रश्नातील आकडे बदलून ते फळ्यावर लिहायला लावले असते आणि पहिले पान तसेच ठेवले असते. पण त्यासाठी मला आधी एक गोष्ट माहीत हवी आणि ती फक्त मुक्ताच सांगू शकते. म्हणून मी वही मिटून तिला विचारले असते, "तू कोठपर्यंत वाचलेस?"

आणि ती जे सांगेल ते मला खरे मानावे लागले असते, कारण पडताळून पाहायला माझ्याकडे दुसरे काहीच नव्हते.

वैदर्भी

सर, हा प्रश्न घेते. मुक्ता काय उत्तर देईल ते मला आता ऐकू येत आहे. "दुसऱ्या पानावरचं सगळं, सर. पहिलं पान नाही पाह्यलं."